सहीपुरतं नाव

जीएसटीच्या कामात पडल्यापासून मला 'फक्त' या शब्दाची भीती वाटते. "फक्त नंबर बदलायचाय." "फक्त गाळ्याचा पत्ता टाकायचाय." "फक्त भावाचं नाव घालायचंय." माणसाच्या तोंडी ही तिन्ही कामं सारखीच लहान असतात. सरकारच्या लेखी त्यातलं पहिलं नॉन-कोअर आणि बाकीची दोन कोअर. नॉन-कोअर म्हणजे आपण भरायचं, ओटीपी टाकायचा, की थोड्या वेळात पोर्टलवर आपोआप बदल होतो, मध्ये कुणी विचारत नाही. कोअर म्हणजे अर्ज अधिकाऱ्यापुढे जातो. तो कागद बघतो, वाटलं तर जागा बघायला येतो, पटलं तर मंजुरी देतो, नाही पटलं तर नोटीस काढतो. गिऱ्हाइकाला मी सोपं करून सांगतो की बेलचं बटण बदलायला कुणाला विचारावं लागत नाही, भिंत हलवायची तर लागतं. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि म्हणतं, "बरोबर सर. पण आपलं फक्त..."

माझं ऑफिस भिवंडीत एसटी स्टँडजवळ, बॉबिनच्या दुकानावर. मी राहतो शेलारला. वडील नगरपालिकेत पाणीखात्यात होते. त्यांना आयुष्यभर वाटत आलं की मुलगा वकील आहे. मी कर सल्लागार आहे हे मी त्यांना दोनदा समजावलं, मग सोडून दिलं.

ज्यांची ही गोष्ट आहे ती तीन भावांची भागीदारी फर्म. मूळचे गणेशपुरीकडच्या खेड्यातले शेतकरी, बापाच्या काळात भिवंडीत येऊन लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले, पुढे स्वतःचे लूम टाकले. थोरले कारखाना बघत. धाकटे माल पोचवत आणि शेवटी जो बोलला त्याचं पटवून घेत. मधले हिशेब बघत, आणि माझ्याकडे यायचे ते तेच. बिलांची पिशवी टेबलावर ठेवायचे, चहा मागवायचे आणि चहा येईपर्यंत सरकारला शिव्या घालायचे. मला त्यांचा सहवास आवडायचा, कारण माझ्या वाट्याच्या शिव्याही तेच घालत.

एका उन्हाळ्यात छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर मी थोरल्यांना ऑफिसात बोलावून घेतलं. म्हटलं, भागीदार गेला की त्याचं नाव नोंदणीतून काढायला अर्ज करावा लागतो, कायद्याने पंधरा दिवसांत. त्याच्या जागी कुणी यायचं असेल तर आधी नवा भागीदारी करार करा. काढणं आणि घालणं, दोन्ही कोअर आहे.

"बघू," थोरले म्हणाले.

भिवंडीत 'बघू' म्हणजे नाही. फक्त नाही म्हणायला तोंड वाईट होतं म्हणून बघू. मी पत्र लिहून दिलं, आठवण केली, पुन्हा आठवण केली. दर वेळी बघू.

दरम्यान बिलांची पिशवी घेऊन मधल्यांची बायको यायला लागली. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊ. चाळिशी उलटलेल्या, एक मुलगी कॉलेजात. बिलं त्या आधीपासून घरी लिहीतच होत्या, कारण मधल्यांचं अक्षर खुद्द मधल्यांना वाचता येत नसे. आता लिहायच्या आणि आणून द्यायच्या.

मग एके दिवशी थोरले वहिनींना घेऊनच आले. त्या दोघांबद्दल इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. त्यांच्या घरात सून जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. जेठही सुनेशी बोलत नाही. भांडण नाही, राग नाही, रीत आहे. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून एका छपराखाली राहून त्या दोघांत एक वाक्य झालेलं नव्हतं. काही सांगायचं तर जावेमार्फत, नवऱ्यामार्फत, मुलीमार्फत. माझ्या ऑफिसात जाऊ नव्हती. मुलगी कॉलेजात होती. नवरा उरला नव्हता. उरलो मी.

वहिनींनी कपाळापर्यंत पदर ओढला आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या. थोरले माझ्यासमोर.

"सर, ते ओटीपीचं लफडं माझ्या डोक्यावरून काढा," थोरले म्हणाले. "दर महिन्याला तुमचा फोन. मैं लूम पे खडा, उधर खटाखट खटाखट, क्या सुनाई देगा? ओटीपी बघेपर्यंत तो शिळा होतो. हिचा नंबर लावा. सही पण हिचीच ठेवा. माझं नाव त्या कटकटीतून काढूनच टाका."

"वहिनींची तयारी आहे का?"

"विचारा तिला."

मी मान वळवली. "वहिनी, तयारी आहे का?"

"मोठ्यांना सांगा, हाय," वहिनी म्हणाल्या.

मी मान परत वळवली. "हो म्हणतायत."

थोरल्यांनी ते माझ्याकडूनच पहिल्यांदा कळल्यासारखी मान हलवली.

प्राधिकृत स्वाक्षरीकर्ता असा एक शब्द आहे. फर्मच्या वतीने पोर्टलवर सही करणारा माणूस. तो भागीदारच असला पाहिजे असं नाही, भागीदारांनी अधिकारपत्र दिलं की बाहेरचाही चालतो. आणि हा बदल नॉन-कोअर. मी वहिनींचा फोटो काढला, दोघा भावांच्या सहीचं अधिकारपत्र चढवलं, त्यांचा मोबाइल आणि ईमेल टाकला, दोन्हींवर आलेले ओटीपी घातले. त्यांचा ईमेल मुलीने आधीच घरी त्यांच्या फोनवर उघडून दिला होता. मुख्य स्वाक्षरीकर्त्याची खूण थोरल्यांच्या नावावरून काढून वहिनींच्या नावावर लावली. शेवटचा ओटीपी थोरल्यांच्या फोनवर आला. तो त्यांनी चष्मा काढून, चष्मा घालून आणि पुन्हा काढून वाचला. चहा संपायच्या आत काम झालं. मग थोरल्यांच्याच आग्रहाखातर त्यांचं नाव स्वाक्षरीकर्त्यांतून काढलं. तेही नॉन-कोअर. ते भागीदार राहिले, सहीचे मालक राहिले नाहीत.

"बस?" थोरले म्हणाले. "और आप बोलते थे, इतना झंझट है."

"झंझट दुसऱ्या कामाला आहे," मी म्हटलं. "ते अजून राहिलंय."

"बघू."

दोन दिवसांनी वहिनी पेढे घेऊन आल्या. एकट्या होत्या, त्यामुळे पदर खांद्यावर होता.

"भाऊ, तोंड गोड करा. नाव लागलां ना माजां."

मी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसलो. खरं सांगायचं तर मला थोरल्यांचा राग आला, आणि थोडा त्या पेढ्याचाही, कारण आता तो खाताही येईना आणि ठेवताही येईना.

"वहिनी, लागलंय. पण सहीपुरतं."

"म्हंजे?"

मी पोर्टलवरून नोंदणीचं प्रमाणपत्र काढून छापलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. पहिल्या पानावर फर्मचं नाव, पत्ता. त्याला जोडून एक जोडपत्र, त्यात इतर जागांची यादी, ती रिकामी. शेवटच्या पानावर भागीदार, प्रत्येकाचा फोटो आणि नाव. थोरले, मधले, धाकटे. स्वाक्षरीकर्त्याचं नाव प्रमाणपत्रावर येतच नाही. सगळं जिथल्या तिथे होतं, मधल्यांसकट.

वहिनींनी त्या फोटोवर बोट ठेवलं. त्यात मधले नेहमीप्रमाणे फोटोवाल्यावर चिडलेले दिसत होते.

"मी कुटं हाय?"

"इथे नाही. तुम्ही सही करणार. रिटर्न तुमच्या ओटीपीने जाईल, नोटीस आली तर फोन तुमच्या हातात वाजेल. पण फर्ममध्ये तुमचा हिस्सा नाही. भागीदार म्हणून नाव यायचं तर करार पाहिजे, आणि मग तो अर्ज अधिकाऱ्याकडे जातो. ते कोअर."

"आन हे?"

"हे नॉन-कोअर."

त्यांनी फोटोवरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, "मला वाटलां, यांच्या जागी मला घेतलां. घरात तेल संपलां तरी मला जावंला सांगाया लागतां, जाव मोठ्यांना सांगनार, मग पैसं येनार. पोरीची फी पन तशीच. ह्ये व्हते तवा मागाया लागत नव्हतां. मला मागून खायाचां न्हाय भाऊ. माजा मानूस त्यात राबला."

"मी मोठ्यांना सांगितलंय."

"तुमी सांगितलां. त्यांनी आयकलां का?"

जाता जाता त्यांनी विचारलं, "माजां नाव घालाचां तं यांचां काढाया लागंल?"

"हो. एकाच अर्जात."

पदराने डोळे पुसले की घाम पुसला, मी बघितलं नाही. पेढ्यांचा पुडा त्या टेबलावरच ठेवून गेल्या. खालच्या बॉबिनवाल्याने विचारलं कसले पेढे, मी म्हटलं नॉन-कोअरचे. त्याने दोन खाल्ले.

भर पावसाळ्यात थोरले उड्या मारत आले. मोठा व्यापारी मिळाला होता. त्याची अट अशी की माल शहरातल्या कारखान्यातून उचलणार नाही, दिवसा ट्रक आत येत नाहीत, हायवेजवळ गोदाम दाखवा. थोरल्यांनी वळ गावात गाळा भाड्याने घेतला होता. आता त्या गाळ्याचा पत्ता नोंदणीत आला की व्यापारी माल सुरू करणार होता. प्रमाणपत्रावर गाळा दिसल्याशिवाय एक तागा उचलणार नव्हता.

"फक्त पत्ता टाकायचाय," थोरले म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. मग समजावलं. व्यवसायाची वाढीव जागा, म्हणून कोअर. भाडेकरार, मालकाचं संमतीपत्र, लाइट बिल, घरपट्टी. सगळं चढवलं, तारीख आणि कारण टाकलं, सादर करा दाबलं. ओटीपी गेला.

"आला का बघा," थोरल्यांनी स्वतःचा फोन काढला.

"तुम्हाला नाही येणार. वहिनींना येईल."

वहिनी माहेरी गेल्या होत्या, गणेशपुरीच्या बाजूला, भावाकडे भातलावणीला. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण पुढे मला दोन्हीकडे मान वळवायची होतीच. मागे कुणीतरी बैलाला ओरडत होतं.

"वहिनी, एक ओटीपी आला असेल."

"आला. सा आकडं हायत."

"सांगा."

"न्हाय सांगत."

थोरल्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय म्हणते?"

त्यांनी ऐकलं होतं. तरी रीतीने मी सांगितलं. "नाही सांगत म्हणतायत."

"का विचारा."

"वहिनी, का?"

"ह्यो कोअरचा हाय का नॉन-कोअरचा?"

"कोअरचा. गाळ्याचा."

"मोठ्यांना सांगा, त्या अर्जात माजां पन नाव घाला. भागीदार म्हनून. मग सांगते. इकडं चिखलात हात हायत, फोन ठेवते."

ठेवला. थोरल्यांनी स्वतःचा फोन खिशात घातला. मग त्यांनी माझ्यावर आवाज चढवला, कारण चढवायला दुसरं कुणी नव्हतं. "हे तुम्ही शिकवलं तिला."

"कोअर म्हणजे काय ते मी सांगितलं. तुम्हालाही सांगितलं होतं, लेखी. त्यांनी ऐकलं, एवढंच."

"तिचा नंबर काढा. माझा लावा."

"नॉन-कोअर आहे, लगेच होईल. ओटीपी त्यांच्या फोनवर जाईल."

थोरल्यांनी टेबलावर हात आपटला. बाहेर कुठेतरी लूम चालू असल्यासारखा आवाज झाला.

"दुसरा काही रास्ता असेल."

होता. मी लपवला नाही, ते माझ्या धंद्यात बसत नाही. म्हटलं, भागीदार स्वतः कागदपत्रं घेऊन अधिकाऱ्याच्या कार्यालयात गेला, तर ते पडताळणी करून मोबाइल आणि ईमेल बदलून देऊ शकतात. जा. ते नोंदणी उघडतील. त्यात तीन भागीदार दिसतील. ते विचारतील, तिसरे कुठेत? मग काय सांगायचं ते ठरवून जा.

"वारले म्हणून सांगू."

"मग ते विचारतील, इतके दिवस कळवलं का नाही?"

थोरले खुर्चीत मागे टेकले. त्या क्षणी मला त्यांचीही कीव आली. माणूस वाईट नव्हता. भावाच्या मुलीची फी त्यांनी कधी चुकवली नव्हती, फक्त ती मागायला लावली होती.

"सर, आज हिला घेतलं," ते हळू आवाजात म्हणाले, "उद्या मुलीचं लग्न होईल. जावई येऊन लूममध्ये खुर्ची टाकून बसेल. बापाने उभं केलेलं आहे ते. हम क्या करेंगे?"

"ते करारात लिहिता येतं. नवा भागीदार घ्यायचा तर सगळ्यांची संमती लागेल, असं कलम घाला. जावयाला खुर्ची द्यायची की नाही ते तुम्ही तिघं ठरवा."

"तिघं," थोरले म्हणाले. हा आकडा त्यांनी तोंडात घोळवून बघितला. आणि मग, सवयीने, "बघू."

पोर्टलवर अर्धवट अर्ज पंधरा दिवस राहतो, मग पुसला जातो. तो पुसला गेला. व्यापाऱ्याचा फोन येत राहिला. गाळा रिकामा पडून होता आणि त्याचं भाडं चालू होतं. धाकटे एकदा येऊन म्हणाले की दादाचं बरोबर आहे. मी वहिनींचं म्हणणं सांगितलं, तर म्हणाले की वहिनीचंही बरोबर आहे. जाताना माझंही बरोबर आहे म्हणून गेले.

मग थोरले आले ते मुद्रांकावरचा मसुदा घेऊनच. एका वकिलाकडून लिहून आणला होता. मधल्यांचा जेवढा हिस्सा तेवढाच वहिनींना. शेवटी जावयाचं कलम होतं, इतकं लांब, की जावई अजून जन्मायचा असेल तर त्याने विचार बदलावा. वहिनी माहेरून आल्या होत्या. भिंतीकडच्या खुर्चीवर बसून त्यांनी सगळा करार मला वाचायला लावला, मग स्वतः वाचला, आणि सही केली.

थोरले मला म्हणाले, "आता विचारा, गाळ्याचा अर्ज आधी पाठवू का? व्यापारी थांबलाय. हिचा मागाहून करू."

मी मान वळवायच्या आत वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, येक अर्ज पडून ऱ्हायला तर दुसरा कोअरचा जातो का?"

"नाही. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा कोअरचा भरता येत नाही."

"आन दोन्ही येकात जातात?"

"जातात."

"तं येकात घाला."

मी थोरल्यांकडे वळलो. "एकात घाला म्हणतायत."

"ऐकलं," थोरले म्हणाले. हे त्यांच्यात प्रगती म्हणून धरायला हरकत नव्हती.

अर्ज भरला. मधल्यांचं नाव काढलं, मृत्यूचा दाखला जोडला. वहिनींचं नाव घातलं, करार जोडला. वळचा गाळा घातला. सादर करा. ओटीपी आला. वहिनींनी पदराआडून फोन डोळ्यांजवळ धरला आणि एकेक आकडा सांगितला. मला ते आकडे ऐकताना उगाचच आनंद झाला.

काही दिवसांनी अधिकारी बाई वळला जागा बघायला आल्या. मी होतो, थोरले होते, वहिनी होत्या, आणि गाळ्याचा मालक होता. हा वळचाच शेतकरी. भाताच्या खाचरात गाळ्यांची रांग उभी करून आता रांगेच्या टोकाला खाट टाकून बसायचा. अधिकारी बाईंनी भाडेकरार बघितला, गाळा नंबर चौदा. लाइट बिल बघितलं, तेरा. मग शटरकडे बघितलं. शटरवर लाल रंगात लिहिलं होतं बारा-अ.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मालक खाटेवरून उठला. "बाई, तेरा नंबर कोन घेत न्हाय. म्हनून बारानंतर मी थेट चौदाच केला. लायटीवाल्यांनी मोजून तेरा लिवला."

"आणि बारा-अ?"

"आधीच्या पार्टीला चौदा पन नको व्हता."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, फोटो काढले. मग वहिनींकडे बघून थोरल्यांना विचारलं, "या कोण?"

थोरले चाचरले. सवयीने त्यांच्या तोंडी 'मधली' आलं. घरात ते त्यांचा उल्लेख तेवढाच करत.

"म्हणजे?"

"भावाची... आमच्या घरातल्या."

"अर्जात कोण आहेत?"

थोरल्यांनी शटरकडे बघितलं, मालकाकडे बघितलं, माझ्याकडेही. मी मान वळवली नाही. एवढं एक वाक्य मला पोचवायचं नव्हतं.

"पार्टनर," ते म्हणाले. "आमच्या पार्टनर आहेत."

वहिनींनी पदर आणखी खाली ओढला. त्यामुळे चेहरा दिसला नाही.

नोटीस आलीच. गाळ्याच्या तीन नंबरांचा खुलासा करा, सात कामाच्या दिवसांत उत्तर द्या. थोरले धावत माझ्याकडे आले. गाळ्याचा भाग काढून टाकता येईल का, निदान बाकीचं तरी मंजूर होईल, असं त्यांनी विचारलं. 'बाकीचं' म्हणजे वहिनी, हे त्यांना बोलून झाल्यावर लक्षात आलं असावं. मी सांगितलं की अर्ज एक आहे. नामंजूर झाला तर सगळाच नामंजूर होईल, गाळा गेला तर वहिनीही गेल्या.

त्यानंतर थोरले जसे पळाले तसे मी त्यांना लूम बंद पडल्यावरही पळताना बघितलं नव्हतं. ग्रामपंचायतीत जाऊन तीन नंबर एकाच गाळ्याचे असल्याचं पत्र आणलं. मालकाकडून नवं संमतीपत्र घेतलं आणि त्याला समोर बसवून नंबरांची कहाणी लिहून घेतली. शटरवरचं बारा-अ स्वतः पुसून चौदा रंगवलं, रंग सुकायच्या आत फोटो काढला. उत्तर मुदतीत गेलं. ओटीपी वहिनींनी न मागता सांगितला.

मंजुरी आली तेव्हा मी दोघांना वळच्या गाळ्यावरच बोलावलं, कारण प्रमाणपत्र व्यवसायाच्या प्रत्येक जागेत दिसेल असं लावावं लागतं. छापून नेलं होतं, सोबत एक फ्रेम. जोडपत्रात आता वळचा गाळा होता. शेवटच्या पानावर थोरले, धाकटे आणि वहिनी. फोटोत वहिनींचा पदर खांद्यावर होता. तो नवा होता, त्या बिलं द्यायला माझ्या ऑफिसात एकट्या आल्या होत्या तेव्हा मीच काढलेला.

वहिनी त्या पानाकडे बघत राहिल्या. मग पर्समधून जुनं शेवटचं पान काढलं. पेढ्यांच्या दिवशी मी छापून दिलेलं ते त्यांनी जपून ठेवलं होतं, मधले फोटोवाल्यावर चिडलेले.

थोरले स्टुलावर चढले होते. हातात हातोडी, खिळा ओठांत. खिळा काढून त्यांनी मला विचारलं, "सर, विचारा तिला, पुढचं पान लावू की सगळी पानं?"

मी वहिनींकडे वळलो. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"भावजी," वहिनी म्हणाल्या.

स्टूल हललं. मी ते धरलं. थोरल्यांनी खाली बघितलं, मग पुन्हा भिंतीकडे.

"भावजी, शेवटचां पान वर लावा. आन ह्यांचां जुनां पान त्याच्या मागं ऱ्हाऊ दे. फ्रेममदी. कुनाला दिसाया नको."

थोरल्यांनी हातोडी काखेत धरली. मग त्यांनी हात खाली केला, माझ्याकडे नाही, वहिनींकडे.

"आण इकडे," ते म्हणाले. "मी घालतो त्याला आत."